पानथरीच रक्त बनवत असेल तर ती काढायची कशी?

प्रश्न: वडील ६२ वर्षांचे, कागल तालुक्यात आमचं गुऱ्हाळ आहे. वर्षभरात ९ किलो वजन उतरलं, रात्री घामानं बनियन भिजतो, चार घास खाल्ले की पोट गच्च होतं. हिमोग्लोबिन ८.६, पांढऱ्या पेशी १६,४००, प्लेटलेट १ लाख ९० हजार, सोनोग्राफीत पानथरी २१ सेंटिमीटर. स्मिअरच्या रिपोर्टात 'टिअर ड्रॉप सेल्स', 'न्यूक्लिएटेड आरबीसी ९', 'ब्लास्ट २ टक्के' असं लिहिलंय. कमरेच्या हाडातून मज्जा ओढायला गेले तर काहीच आलं नाही, मग हाडाचा तुकडा काढला. निदान मायलोफायब्रोसिस, ग्रेड ३, जॅक-२ पॉझिटिव्ह. डॉक्टर म्हणाले, आता रक्त हाडात नाही, पानथरीत तयार होतंय. आमचे काका म्हणतात, एवढी मोठी झालीय तर काढून टाका. पण तीच रक्त बनवत असेल तर काढायची कशी? आणि रक्त हाड सोडून बाहेर का बनायला लागलं?

उत्तर: तुमच्या डॉक्टरांचं वाक्य खरं आहे, पण अर्धं. त्यातून घरात असा समज होतो की हाड थकलं म्हणून पानथरीनं भार उचलला. तसं असतं तर काकांचा सल्ला सरळ चुकीचा ठरला असता. प्रत्यक्षात पानथरी मदतीला धावून आलेली नाही. तिथं जे रक्त बनतंय त्याचा वडिलांना फारसा उपयोगही नाही. हे कसं, ते तुमच्याच रिपोर्टावरून सांगतो. कारण वरच्या चार ओळींत जवळजवळ सगळी गोष्ट आलेली आहे.

'काहीच आलं नाही' इथूनच सुरुवात करू. याला आम्ही ड्राय टॅप म्हणतो. पाठीमागून कमरेच्या हाडात सुई घालून सिरिंज ओढली की एरवी रक्तासारखा दाट लाल द्रव येतो, त्यात तुपकट कण दिसतात, ती मज्जा. नवखा असताना सिरिंज कोरडी आली की मला वाटायचं, माझाच हात चुकला. एका आजोबांना मी तीन वेळा टोचलं होतं, त्याची आजही लाज वाटते. कोरडी सिरिंज हेही एक उत्तर असतं, हे नंतर कळलं. मज्जेत बारीक तंतूंचं जाळं पसरलं की पेशी त्यात अडकून बसतात आणि ओढून येत नाहीत. अशा वेळी हाडाचा लांबट तुकडाच काढावा लागतो. तो निदान दीड सेंटिमीटर तरी हवा, नाहीतर वाचणाऱ्याला अंदाज बांधावा लागतो. तुकडा औषधात टाकण्याआधी काचपट्टीवर हलकेच लोळवला तर थोड्या पेशी काचेला चिकटतात. द्रव आला नाही तरी पेशी पाहायला मिळतात.

मग त्या तुकड्यावर चांदीच्या क्षारांचा रंग देतात. निरोगी मज्जेत त्या रंगात इकडेतिकडे एखादी काळी रेघ दिसते. ग्रेड ३ मध्ये जाड काळ्या दोऱ्यांचे जुडगे सगळीकडे एकमेकांना छेदत गेलेले दिसतात, शेजारचं हाडही जाड झालेलं असतं. एमएफ शून्य ते एमएफ ३ अशी ही मोजणी आहे, म्हणजे तुमच्या वडिलांचा तुकडा शेवटच्या पायरीवर आहे. ग्रेड ३ म्हणजे 'कॅन्सरची तिसरी स्टेज' असं पुष्कळ घरांत समजतात. ते तसं नाही. हा आकडा फक्त तंतूंच्या दाटीबद्दल बोलतो.

आता हे तंतू कोण विणतं, ते पाहू. सगळा उलगडा इथं आहे.

जॅक-२ हे रक्त बनवणाऱ्या पेशीतलं एक प्रथिन आहे. मूत्रपिंडाकडून 'लाल पेशी वाढवा' असा निरोप आला, किंवा यकृताकडून 'प्लेटलेट वाढवा' असा आला, की तो निरोप पेशीच्या आत पोचवणं हे त्याचं काम. निरोप थांबला की तेही थांबतं. तुमच्या वडिलांच्या एका मूळ पेशीत कधीतरी या प्रथिनाच्या जनुकात एका अक्षराची चूक झाली आणि बटण कायमचं चालू राहिलं. ही चूक २००५ साली सापडली. ती आईवडिलांकडून आलेली नसते. म्हणून 'आम्हा भावंडांनाही होईल का' याची धास्ती घेऊ नका. या आजाराच्या साधारण निम्म्याहून थोड्या अधिक रुग्णांत हीच चूक असते. बाकीच्या बऱ्याच जणांत कॅलआर नावाच्या जनुकात दोष असतो, थोड्यांत एमपीएलमध्ये. मोजक्या लोकांत तिन्ही सापडत नाहीत. कुठल्याही जनुकातली चूक असो, शेवटी तीच निरोपाची वाट अडकून चालू राहते.

त्या एका पेशीची प्रजा वाढत जाते. त्यात मेगाकॅरिओसाइट नावाच्या प्लेटलेट बनवणाऱ्या आडदांड पेशीही वाढतात. त्या वेड्यावाकड्या आकाराच्या असतात आणि घोळक्यानं बसतात. त्यांच्या पोटात टीजीएफ-बीटासारखी रसायनं भरलेली असतात. एरवी ती जखम भरायला उपयोगी पडतात. इथं ती जखम नसतानाच मज्जेत झिरपत राहतात.

मज्जेत रक्ताच्या पेशींखेरीज आधार देणाऱ्या पेशीही असतात. उसाची रोपवाटिका डोळ्यांसमोर आणा. रोपं वेगळी आणि त्यांना पाणी देणारा, सावली धरणारा माळी वेगळा. मज्जेत या माळी पेशी मूळ पेशींना जागेवर धरून ठेवणारी रसायनं सोडतात. त्यांतलं सगळ्यात महत्त्वाचं सीएक्ससीएल-१२ नावाचं. मूळ पेशीवर त्याला पकडणारा हुक असतो. हे रसायन जिथं दाट, तिथं मूळ पेशी रमते. टीजीएफ-बीटाचा मारा सुरू झाला की हेच माळी आपलं काम सोडून तंतू विणायला लागतात. म्हणजे जाळं झालं एवढंच घडत नाही. जाळं विणणारा तोच असतो, ज्याच्यावर रोपं धरून ठेवायची जबाबदारी होती. हा भाग अलीकडच्या काळात स्पष्ट झाला. त्याआधी आम्हीही विद्यार्थ्यांना 'मज्जेत जागा उरली नाही म्हणून पेशी बाहेर गेल्या' एवढंच सांगून मोकळे व्हायचो.

त्यात आणखी भर पडते. आजारी प्रजेतल्या पांढऱ्या पेशी काही पाचक द्रव्यं सोडतात. ती धरून ठेवणारं रसायन तोडतात आणि पेशींना भिंतीशी बांधणारे दोरही तोडतात. आजारी मूळ पेशींवरचा हुकही कमी झालेला असतो. मज्जेतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती फाकून रुंद होतात. एरवी या भिंती दारावरच्या पहारेकऱ्यासारख्या असतात, पुरती तयार झालेली पेशीच बाहेर सोडतात. पहारा उठला की अर्धीकच्ची पेशीही रस्त्यावर येते.

हे तुमच्या स्मिअरच्या रिपोर्टात छापलेलं आहे. 'न्यूक्लिएटेड आरबीसी ९' म्हणजे पोटात अजून केंद्रक असलेल्या, बाहेर पडायची वेळ न झालेल्या लाल पेशी. शंभर पांढऱ्या पेशी मोजताना अशा ९ दिसल्या. निरोगी मोठ्या माणसाच्या रक्तात त्या दिसतच नाहीत. त्यांच्याबरोबर अर्धवट पिकलेल्या पांढऱ्या पेशीही बाहेर असतात. या दोन्ही मिळून जे चित्र होतं त्याला ल्युकोएरिथ्रोब्लास्टिक म्हणतात. टिअर ड्रॉप म्हणजे आसवाच्या थेंबासारखी, एक टोक ओढलेली लाल पेशी. तंतूंच्या जाळ्यातून आणि सुजलेल्या पानथरीच्या फटींतून घुसताना तिला हा आकार येतो. पानथरी काढलेल्या रुग्णांत या पेशी कमी झालेल्या दिसतात, म्हणजे तिथली दाटी यात नक्कीच भागीदार आहे.

जाता जाता एक बारकी गोष्ट. काही मशीन केंद्रक असलेल्या लाल पेशीला पांढरी समजून मोजतात. तसं झालं असेल तर १६,४०० ला शंभरानं गुणून १०९ नं भागायचं, मग खरा आकडा साधारण १५,००० येतो. इथं त्यानं फरक पडत नाही. पण हेच न्यूक्लिएटेड आरबीसी ४०-५० असतात तेव्हा पडतो. लॅबला 'करेक्टेड आहे का' असं विचारायला हरकत नाही.

तर आता पेशी रस्त्यावर आल्या. त्या पानथरीतच का जाऊन बसतात?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेनं काय केलं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. शिरोळ, करवीरची माणसं घर सोडून शाळांत, मंगल कार्यालयांत जाऊन राहिली. त्या शाळांनी माणसं बोलावली नव्हती. घरात पाणी आलं म्हणून ती निघाली आणि जिथं छप्पर होतं, पाय टेकता येत होता, तिथं थांबली. पानथरी ही अशी शाळा आहे. तिच्यात रक्त अरुंद फटींतून अगदी संथ वाहतं, कारण म्हाताऱ्या पेशी गाळून काढणं हेच तिचं रोजचं काम. संथ प्रवाहात भरकटणारी मूळ पेशी सहज अडकते. शिवाय पानथरीतल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून तेच धरून ठेवणारं रसायन थोडंफार मिळतं. पेशीला वाटतं, आलो घरी.

यकृताचंही तसंच, त्याला तर जुनी ओळखच आहे. आईच्या पोटात असताना आपलं पहिलं रक्त हाडात बनत नाही. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास ते पीतकोशात सुरू होतं, साधारण सहाव्या आठवड्यापासून यकृताकडे जातं, पानथरीही थोडा हात लावते. हाडांतली मज्जा गर्भारपणाच्या मधल्या महिन्यांत कामाला लागते आणि जन्मापर्यंत सगळा कारभार हातात घेते. त्यामुळे पुस्तकांत पूर्वी लिहायचे की मज्जा बंद पडली म्हणून शरीर पुन्हा गर्भावस्थेच्या जुन्या कारखान्यांकडे वळतं. वाचायला गोड वाटतं, पण मला हे पटत नाही, आणि कारण साधं आहे.

अप्लास्टिक ॲनिमियात मज्जा अक्षरशः रिकामी होते, मायलोफायब्रोसिसपेक्षाही रिकामी. मग शरीराला खरंच पर्यायी कारखाना काढता येत असता तर तिथं सगळ्यात मोठी पानथरी दिसायला हवी. दिसत नाही. उलट अप्लास्टिक ॲनिमियाच्या रुग्णात पानथरी हाताला लागली तर आम्ही निदानावरच शंका घेतो. स्तनाचा किंवा प्रोस्टेटचा कॅन्सर हाडात पसरून मज्जेत तंतू होतात, तिथंही एवढी अवाढव्य पानथरी सहसा होत नाही. म्हणजे मज्जा बंद पडणं किंवा तंतू होणं एवढ्यानं पानथरी रक्त बनवायला लागत नाही. भटकणाऱ्या आजारी मूळ पेशी हव्यात, त्या तिथं पोचायला हव्यात आणि तिथं रुजायला हव्यात. थॅलेसेमिया मात्र वेगळा. तिथं रक्ताच्या टंचाईमुळे 'लाल पेशी वाढवा' हा निरोप इतका जोरात सुटतो की हाडाबाहेरही खरोखरच भरपाईचं उत्पादन सुरू होतं. दोन्हीकडे दिसतं एकच, पण कारण वेगळं.

पुराची उपमा एका ठिकाणी लंगडी पडते, तेही सांगतो. पूरग्रस्त निर्दोष होते. इथं स्थलांतर करणाऱ्या पेशी बहुतांशी त्याच बिघडलेल्या मूळ पेशीची प्रजा आहेत. पाणीही त्यांनीच आणलं आणि शाळाही त्यांनीच भरली.

आता तुमचा मुख्य सवाल. पानथरीतलं उत्पादन वडिलांना किती उपयोगी?

निरोगी माणसाची मज्जा दिवसाला सुमारे वीस हजार कोटी लाल पेशी बनवते. पानथरीच्या स्पंजासारख्या मांसात ना तशी मांडणी, ना तसे माळी. तिथं पेशी सुरू होतात पण पुष्कळशा अर्ध्यातच मरतात, आणि ज्या तयार होतात त्या गाळणीतच बसलेल्या असतात. एवढ्या मोठ्या पानथरीत शरीरातलं बरंच रक्त नुसतं साठून राहतं. तिच्यामुळे रक्तातला पाण्याचा भाग वाढतो, म्हणून उरलेलं हिमोग्लोबिन आणखी पातळ दिसतं. सगळा हिशेब मांडला तर ती देते त्यापेक्षा खाते जास्त. पुष्कळांना पानथरी काढल्यावर रक्त कमी द्यावं लागतं, यावरूनही हे कळतं. 'काढली तर रक्त बनणंच बंद होईल' ही तुमची भीती म्हणूनच सहसा खरी ठरत नाही. जाळ्यात अडकलेली मज्जाही पूर्ण मेलेली नसते, कोपऱ्याकोपऱ्यांत तिचं काम चालू असतं.

मग काका बरोबर का? तेही नाही. पानथरी काढल्यानं पुराचं पाणी ओसरत नाही, फक्त एक शाळा पाडली जाते. भटक्या पेशी मग यकृताकडे मोर्चा वळवतात. काही रुग्णांत शस्त्रक्रियेनंतर यकृत झपाट्यानं वाढतं, आणि यकृत तर काढताही येत नाही. प्लेटलेट एकदम उसळतात, यकृताकडे जाणाऱ्या शिरेत गुठळी होऊ शकते. त्यात या आजारातल्या प्लेटलेट धड काम करत नाहीत, म्हणून रक्तस्रावाचाही धोका तेवढाच. अनुभवी केंद्रांतही या शस्त्रक्रियेत आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत शंभरातले पाच ते दहा रुग्ण दगावल्याची नोंद आहे. म्हणून ती शेवटची वाट. औषधांना दाद न देणारं दुखणं, सतत रक्त चढवावं लागणं, किंवा पानथरीतून येणाऱ्या रक्ताच्या लोंढ्यानं यकृताच्या शिरेतला दाब वाढून रक्ताची उलटी होणं, अशा वेळी तिचा विचार होतो. करायचीच ठरली तर आधी निदान दोन आठवडे न्यूमोकोकससारख्या जंतूंविरुद्धच्या लसी देतात. पानथरीविना माणूस त्या जंतूंपुढे उघडा पडतो.

वडिलांच्या बाबतीत आधी धोक्याची पायरी मोजायची. त्यासाठी डीआयपीएसएस नावाची सोपी गुणपद्धत आहे. वय ६५ च्या वर असतं तर एक गुण, ते ६२ चे आहेत, म्हणून शून्य. हिमोग्लोबिन १० च्या खाली आहे, त्याचे दोन. पांढऱ्या पेशी २५ हजारांच्या आत, शून्य. रक्तात ब्लास्ट, म्हणजे अगदी कच्च्या पेशी, एक टक्का किंवा जास्त, त्याचा एक. रात्रीचा घाम आणि वजन उतरणं, यांचा मिळून एक. एकूण ४. तीन-चार गुण म्हणजे चार पायऱ्यांतली वरून दुसरी, इंटरमीडिएट-२. इथं नुसतं 'बघत राहू' म्हणून चालत नाही, औषध आणि प्रत्यारोपण या दोन्हींवर बोलावं लागतं. एक गोष्ट तुमच्या फायलीत आहे का पाहा: बीसीआर-एबीएल तपासणी निगेटिव्ह. पानथरी एवढी मोठी होणारा दुसरा भाऊबंद म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, तो नाही ना हे या तपासणीनं कळतं. त्याच्याही मज्जेत तंतू होऊ शकतात आणि त्याची गोळी पूर्ण वेगळी. जॅक-२ पॉझिटिव्ह असल्यानं शक्यता कमी आहे, पण हा कागद नसेल तर मी तो आधी मागतो.

औषधात पहिलं नाव रुक्सोलिटिनिब, २०११ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं. ते अडकून बसलेलं बटण दाबून धरतं. ज्या चाचणीवर ते उभं राहिलं, तिच्यात २४ आठवड्यांनी शंभरातल्या साधारण ४२ जणांची पानथरी ३५ टक्क्यांनी किंवा जास्त आकसली. खोट्या गोळीवर असलेल्यांत शंभरात एकाचीही धड नाही. घाम, खाज, चार घासांत भरणारं पोट यांत बहुधा पहिल्या काही आठवड्यांतच फरक जाणवतो. मात्रा प्लेटलेटवर ठरते. वडिलांच्या १ लाख ९० हजारांना १५ मिलिग्रॅम दोनदा ही नेहमीची सुरुवात, पण ती तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायची.

या गोळीनं घरची माणसं घाबरतात ते दोन ठिकाणी. पहिल्या दोन-तीन महिन्यांत हिमोग्लोबिन आणखी उतरतं, कारण लाल पेशींच्या निरोपालाही तेच बटण लागतं. ८.६ वरून सुरुवात म्हणजे मध्ये रक्त चढवावं लागेल हे गृहीत धरा. त्यानं 'गोळी लागू पडत नाही' असं होत नाही. बहुतेकांत पुढे ते स्थिरावतं. रक्त फारच खाली राहिलं तर मोमेलोटिनिब हे नवं औषध आहे, ते लाल पेशींच्या बाबतीत जरा कनवाळू आहे. दुसरी भानगड याच्या उलट. घाम गेला, पोट हलकं झालं, म्हणून गोळी आपल्या मनानं एका दिवसात बंद करणं. मी हे एका गुळाच्या व्यापाऱ्यात पाहिलंय. चौथ्या दिवशी ताप, पानथरी पुन्हा टणक, रक्तदाब खाली, थेट आयसीयू. थांबवायचीच असेल तर पायरीपायरीनं उतरवायची असते.

सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि कावीळ ब ची तपासणी झालीच पाहिजे. ही गोळी प्रतिकारशक्ती थोडी दाबते आणि आपल्याकडे जुना क्षय छातीत झोपलेला असण्याची शक्यता खरी आहे. संध्याकाळचा ताप, खोकला किंवा अंगावर एका बाजूला दुखरी नागीण उठली तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. फंगसची काही औषधं आणि काही अँटिबायोटिक या गोळीची रक्तातली पातळी वाढवतात. म्हणून दुसरा डॉक्टर काहीही लिहून देणार असेल तर त्याला हे नाव आधी सांगा.

गुऱ्हाळवाल्यांच्या घरात सल्ला देणं अवघड जातं, पण सांगतो: गूळ, बीट, खजूर आणि लोहाच्या गोळ्या यांनी हे हिमोग्लोबिन वाढणार नाही. लोह कमी पडलेलं नाही, कारखाना बिघडलाय. वारंवार रक्त चढवलं तर लोह उलट जास्तच साठतं. लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन खरंच कमी असेल तरच लोह द्यायचं.

आणखी एक, आणि हे आपल्या भागापुरतं. पोटातला गोळा हाताला लागतो म्हणून तो चोळून 'बसवून' देणारे लोक अजून भेटतात. पानथरीवर डाग दिलेली पोटंही मी तपासलीत. एवढी ताणलेली पानथरी दाबानं फुटू शकते. वडील कधीकाळी तालमीत असतील आणि नातवाशी अजून झोंबाझोंबी करत असतील तर तेही बंद. डाव्या बरगडीखाली एकदम तीव्र कळ, ती डाव्या खांद्यापर्यंत जाणारी, असं झालं तर पानथरीच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा तुटलेला असतो किंवा ती फुटलेली असते. दोन्हींसाठी लगेच दवाखाना.

आणि ज्या पेशी पानथरीत रुजतात त्या दुसरीकडेही रुजू शकतात. क्वचित फुप्फुसाच्या आवरणात, पोटात, आणि त्याहून क्वचित मणक्याच्या लगत. दोन्ही पायांतली ताकद अचानक कमी वाटली, लघवीवरचा ताबा गेला, तर ते 'अशक्तपणामुळे' म्हणून सोडू नका. त्याच दिवशी मणक्याचा एमआरआय व्हायला हवा. मज्जारज्जूवर दाब आणणारी ही गाठ किरणोत्सर्गाच्या अगदी थोड्या मात्रेला वितळते, पण उशीर झाला तर पाय परत येत नाहीत.

शेवटी प्रत्यारोपण. रुक्सोलिटिनिब शाळा बरीचशी रिकामी करतं, पण पाणी आणणारी मूळ पेशी त्यानं मरत नाही आणि तंतूही फारसे विरघळत नाहीत. मूळ पेशी उपटून काढायचा एकच मार्ग आज आहे, दुसऱ्याची मज्जा बसवणं. तो धोक्याचा आहे, ६२ व्या वर्षी तर विचार करूनच घ्यायचा. हृदय, फुप्फुस, किडनी चांगली असेल तरच, आणि त्यासाठी पुण्या-मुंबईच्या केंद्रात एकदा जाऊन बोलावं लागेल. पण त्यातली एक गोष्ट मला अजूनही नवल वाटायला लावते. प्रत्यारोपण लागलं की बहुतेकांच्या मज्जेतलं जाळं काही महिन्यांत विरत जातं. ज्याला आपण कायमचा व्रण समजतो ते काळे जुडगे पुढच्या बायॉप्सीत पातळ झालेले दिसतात. आजारी पेशी गेल्या की माळी तंतू विणायचं सोडतो आणि जुनं काम धरतो.

त्यासाठी एचएलए, म्हणजे पेशींवरच्या ओळखखुणा, जुळणारा दाता लागतो. सख्ख्या भावंडांपैकी प्रत्येकाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. तुम्ही मुलगा किंवा मुलगी म्हणून निम्मे जुळणारच, तीही एक वाट आता वापरली जाते. तेव्हा पुढच्या तारखेला काकांना बरोबर घेऊन जा. ते वडिलांचे सख्खे भाऊ असतील आणि स्वतः धडधाकट असतील तर पानथरीवरची चर्चा बाजूला ठेवून आधी त्यांच्या रक्ताचा नमुना एचएलएसाठी द्यायला सांगा.